३२ आठवड्यांचं बाळ, अँपिसिलिन आणि जेंटामायसिन: २४ तास की ३६ तास?

*प्रश्न: मॅडम, मी उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आज सकाळी ११ ला ३२ आठवड्यांचं, १६४० ग्रॅमचं बाळ झालं. आईचं पाणी २६ तास आधी गेलेलं, तिला तापही होता. बाळ कण्हतंय, सेप्सिसची शंका आहे. भिंतीवरच्या तक्त्यात जेंटा २४ तासांनी लिहिलंय, पण सिस्टर म्हणतात त्या आधी होत्या तिथे ३६ तासांनी द्यायचे. खरं काय? आणि सात दिवसांनंतर डोस बदलतो म्हणतात, तो नेमका कधी?*

सिस्टरांचं बरोबर आहे. या बाळाला जेंटामायसिन किलोला ५ मिग्रॅ, म्हणजे ८.२ मिग्रॅ, दर ३६ तासांनी. अँपिसिलिन किलोला ५० मिग्रॅ, म्हणजे ८२ मिग्रॅ, दर १२ तासांनी. एक मिली रक्त कल्चरला काढा आणि दोन्हींचा पहिला डोस लगेच द्या. अंतराचा वाद पहिल्या डोसाला लागू होत नाही, तो दुसऱ्या डोसाचा आहे. त्यामुळे तुमच्या हाताशी जवळजवळ एक अख्खा दिवस आहे. वरिष्ठांना फोन करायला, बाळाचे दिवस नीट मोजायला तो पुरतो. पहिला डोस मात्र कशासाठीही अडवू नका.

आता ३६ तास का, ते सांगते. हे एकदा डोक्यात बसलं की तक्ता पाठ नसला तरी चूक पटकन नजरेत येते.

जेंटा शरीरातल्या पाण्यात पसरतं. मोठ्या माणसात किलोमागे साधारण पाव लिटर पाण्यात, तर ३२ आठवड्यांच्या बाळात अर्ध्या लिटरहून जास्त पाण्यात. कमी दिवसांचं बाळ म्हणजे पाणीच जास्त. पाणी जास्त असलं की तेवढीच तीव्रता गाठायला किलोमागे औषधही जास्त लागतं. म्हणून छोट्या बाळाला डोस कमी करायचा हा मनात येणारा पहिला विचार इथे चुकतो. उलट पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या आठवड्यात किलोला ४ मिग्रॅ पुरतात आणि कमी दिवसांच्याला ५ लागतात. जेंटा जंतू मारतं ते वरच्या टोकाच्या तीव्रतेवर, तेव्हा ते टोक गाठलंच पाहिजे.

पसरलेलं औषध बाहेर काढायचं काम मात्र एकट्या मूत्रपिंडाचं. आणि मूत्रपिंडातल्या गाळण्या तयार होण्याचं काम पोटात साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत चालू असतं. ३२ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या गाळण्या संख्येनं अपुऱ्या असतात, आणि ज्या आहेत त्यांच्यातूनही पहिल्या दिवसांत रक्त कमी फिरतं. जन्मानंतर दिवसागणिक हा प्रवाह वाढत जातो. म्हणून अंतर ठरवताना दोन वयं बघावी लागतात: पोटात किती आठवडे काढले, आणि बाहेर येऊन किती दिवस झाले. पहिलं वय सांगतं की गाळण्या किती आहेत, दुसरं सांगतं की त्या किती चालू झाल्यात. वजनाचा उपयोग मिलिग्रॅम काढण्यापुरता.

तुमच्याच बाळावर हिशेब करून बघू. किलोला ५ मिग्रॅ, पसरायला किलोमागे ०.५५ लिटर धरलं, तर वरची पातळी लिटरला साधारण ९ मिग्रॅ येते. ही हवी तेवढी आहे. औषध निम्मं व्हायला ८ तास लागतात असं धरा. २४ तासांत ते तीनदा निम्मं होतं, म्हणजे १.१ उरतं. ३६ तासांनी ०.४ उरतं. पुढच्या डोसाआधीची पातळी १ च्या खाली असावी असा आपला आग्रह असतो. आता बाळ जास्त आजारी आहे, रक्तदाब कमी आहे आणि औषध निम्मं व्हायला १२ तास लागतात असं समजा. मग २४ तासांनी २.२ उरेल, त्यावर दुसरा डोस पडेल, मग तिसरा, आणि तळ वर सरकत जाईल. मूत्रपिंडाच्या नलिकांना आणि कानाच्या आतल्या पेशींना इजा होते ती अशा साचण्यानं. ३६ तास थांबलं तर याच आजारी बाळात १.१ उरतं. त्या १२ तासांचं मोल एवढं आहे.

तुमच्या भिंतीवरचा तक्ता अगदीच निराधार आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत पहिल्या आठवड्यात कमी वजनाच्या बाळाला किलोला ३ मिग्रॅ आणि नेहमीच्या वजनाच्या बाळाला ५ मिग्रॅ, दोन्ही दिवसातून एकदा, असं आहे. जिथे पंप नाही, आठवडे माहीत नाहीत, तिथे चालावं म्हणून ते वजनावर बेतलेलं आहे. गंमत बघा, ३६ तासांनी ५ मिग्रॅ म्हणजे २४ तासांना सरासरी ३.३ मिग्रॅच होतात. एकूण औषध जवळपास तेवढंच. फरक असा की ३ मिग्रॅनं वरचं टोक साडेपाचच्या आसपास राहतं आणि ५ नं ते नऊपर्यंत जातं. अडचण तेव्हा होते जेव्हा एका तक्त्यातले ५ मिग्रॅ आणि दुसऱ्यातले २४ तास एकत्र येतात. तुमच्या भिंतीवर बहुधा तेच झालंय. कमी वजनाची ओळ कोणी उतरवलीच नसेल. एक युनिट, एक तक्ता, आणि तो पूर्ण, एवढं तरी करून घ्या.

आम्ही जो तक्ता वापरतो तो असा. जेंटासाठी जन्मवेळच्या आठवड्यांचे तीन गट. ३० आठवड्यांच्या आतलं बाळ: पहिले १४ दिवस ५ मिग्रॅ ४८ तासांनी, त्यानंतर ५ मिग्रॅ ३६ तासांनी. ३० ते ३४ आठवडे: पहिले १० दिवस ५ मिग्रॅ ३६ तासांनी, त्यानंतर ५ मिग्रॅ २४ तासांनी. ३५ आणि पुढे: पहिले ७ दिवस ४ मिग्रॅ २४ तासांनी, त्यानंतर ५ मिग्रॅ २४ तासांनी. सगळं किलोमागे.

अँपिसिलिनचं गणित याहून सोपं. त्याचं काम वरच्या टोकावर चालत नाही. औषधाची पातळी जंतूला रोखायला लागते तिच्या वर किती वेळ टिकून राहते यावर चालतं. ३४ आठवड्यांपर्यंतच्या बाळाला पहिले ७ दिवस ५० मिग्रॅ १२ तासांनी आणि आठव्या दिवसापासून ७५ मिग्रॅ १२ तासांनी. ३४ च्या पुढच्याला महिनाभर ५० मिग्रॅ ८ तासांनी. मेंदूज्वराची शंका असेल तर हे लागू नाही. तिथे पहिल्या आठवड्यात १०० मिग्रॅ ८ तासांनी आणि नंतर ७५ मिग्रॅ ६ तासांनी. जेंटा मेंदूच्या पाण्यात नीट पोचत नाही, तेव्हा सोबत सेफोटॅक्सिमचा विचार करावा लागतो. बाळ स्थिर झालं की पाठीतलं पाणी तपासायचं ते यासाठीच.

आठवडे मोजताना पूर्ण झालेलेच मोजा. ३४ आठवडे ६ दिवस म्हणजे ३४, पस्तीस नाही. हा एक दिवस बाळाला ३६ तासांच्या गटातून २४ तासांच्या गटात ढकलू शकतो.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. समजा २९ व्या आठवड्यात झालेलं बाळ आज २१ दिवसांचं आहे. आईच्या पोटात असतं तर ३२ आठवड्यांचं झालं असतं. केसपेपरवर कोणीतरी '३२ आठवडे' लिहितो, दुसरा कोणी वरच्या तक्त्यात ३२ ची ओळ बघतो, १० दिवस उलटलेत म्हणून २४ तास लिहितो. पण हा तक्ता जन्मवेळच्या आठवड्यांचा आहे, त्यात बाहेरचे दिवस वेगळे मोजलेलेच आहेत. त्या बाळाला ३६ तास हवेत. पोटातले आणि बाहेरचे मिळून आठवडे धरणारे तक्तेही वापरात आहेत, पण त्यांचे डोस वेगळे असतात. आकडा एका पद्धतीचा आणि ओळ दुसऱ्या पद्धतीची असं झालं की बाहेरचे दिवस दोनदा मोजले जातात.

आणि मुळात ते ३२ आठवडे आले कुठून, हे आधी विचारा. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते. तपासण्या डोंबिवली-विरारला झालेल्या, फाईल तिकडेच कपाटात. इथे विचारलं की सांगते, 'शिमग्यात पालखी घराकडं आली ना, त्याच्या आदल्या आठवड्यात पाळी आलेली.' हे सांगणं मी कधीच सोडत नाही, कारण गावची पालखी कुठल्या तारखेला फिरली हे घरातल्या थोरल्यांना पक्कं माहीत असतं आणि त्यावरून तारीख निघते. पण सगळ्यांच्याच पाळ्या नियमित नसतात.

एक बाळ लक्षात राहिलंय. १७०० ग्रॅम. आठवणीतल्या तारखेवरून ३५ आठवडे भरत होते, म्हणून 'वाढ खुंटलेलं बाळ' अशी नोंद झाली आणि जेंटा ४ मिग्रॅ २४ तासांनी लिहिलं गेलं. संध्याकाळी मी बाळाला हात लावला तर तळपायावर पुढच्या भागातच एखाददुसरी रेघ, कानाची पाळी दुमडली की हळूहळू सरळ होणारी, स्तनाची गाठ बोटाला लागतच नव्हती. ३५ आठवड्यांचं बाळ, कितीही बारीक असलं तरी, असं नसतं. बाळाच्या काकांना मुंबईत फोन केला, त्यांनी कपाटातून फाईल काढून फोटो पाठवला. नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीप्रमाणे बाळ ३१ आठवड्यांचं होतं. पहिला डोस ४ मिग्रॅचा गेला होता, दुसरा २४ तासांनी पडायचा होता. तो ३६ वर नेला आणि ५ मिग्रॅ केला. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी असेल तर तिचं ऐकायचं. ती नसेल तर पाळीची तारीख आणि बाळाला तपासून काढलेले बॅलार्ड गुण दोन्ही मांडायचे, बॅलार्डमध्ये दोन आठवडे इकडे-तिकडे होतात हे धरून. तरीही दोन गटांच्या काठावर अडकलात तर जेंटासाठी मी लांबचं अंतर धरते आणि लघवीवर नजर ठेवते.

याच्या उलटही होतं. १६०० ग्रॅमचं बाळ खरोखर ३७ आठवड्यांचं असू शकतं. त्याला वजन बघून ३६ तास लावले तर औषध कमी पडेल.

आता दिवस कोणता, तो तुमचा प्रश्न. आमच्याकडे जन्माचा दिवस शून्य. जन्मतारखेत ८ मिळवले की अँपिसिलिन बदलायची तारीख, ११ मिळवले की तुमच्या गटातल्या बाळाचं जेंटा बदलायची तारीख. समजा जन्म २१ ऑक्टोबरचा. अँपिसिलिन २९ ऑक्टोबरपासून ७५ मिग्रॅ, जेंटा १ नोव्हेंबरपासून २४ तासांनी. या दोन्ही तारखा भरतीच्या दिवशीच केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून टाका, नाहीतर आठव्या दिवशी ड्युटीवर जो असेल त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. बहुतेक वेळा जेंटाची तारीख येण्याआधीच कोर्स संपतो. वजनाचं म्हणाल तर कमी दिवसांचं बाळ पहिल्या आठवड्यात उतरतं. ते पुन्हा जन्मवजनावर येईपर्यंत हिशेब जन्मवजनावरच ठेवा, नंतर रोजच्या वजनावर.

औषध बनवताना काय होतं ते आता जवळून बघू. जेंटाची आपल्याकडची नेहमीची वायल २ मिलीत ८० मिग्रॅ, म्हणजे मिलीला ४०. ती मोठ्या माणसाची आहे. काही ठिकाणी मिलीला १० असं पातळ करतात, मग ८.२ मिग्रॅ म्हणजे ०.८२ मिली. अँपिसिलिनची ५०० ची वायल एकूण ५ मिली होईल एवढं पाणी घालून मिलीला १०० केली, की ८२ मिग्रॅ म्हणजे पुन्हा ०.८२ मिली. एकाच ट्रेमध्ये एकसारख्या दोन सिरिंज, दोन्हींत ०.८२. लेबल पडलं की ओळखणार कसं? आणि पातळ न करता कोणी वायलमधून सरळ ०.८२ मिली ओढलं तर ३२.८ मिग्रॅ, म्हणजे किलोला २० मिग्रॅ जातात, चौपट.

म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. वायलमधून अर्धा मिली घ्यायचं, म्हणजे २० मिग्रॅ. त्यात साडेनऊ मिली नॉर्मल सलाईन, एकूण १० मिली. मिलीला २ मिग्रॅ झालं. तुमच्या बाळाला ४.१ मिली. सिरिंज पंप ताशी ८.२ मिलीवर लावला की अर्ध्या तासात संपतं. पंपावरचा ताशी मिलीचा आकडा आणि डोसाचा मिलिग्रॅमचा आकडा एकच येतो, त्यामुळे दुसऱ्या सिस्टरलाही एका नजरेत ताडता येतं. ४.१ मिली बाळाच्या दिवसभराच्या पाण्यात मोजायला विसरू नका.

सिरिंज रिकामी झाली म्हणजे औषध बाळात गेलं असं नाही, त्यातलं काही एक्स्टेन्शनच्या नळीतच असतं. नळी त्याच वेगानं सलाईननं पुढे ढकला. घाईत एकदम ढकललीत तर उरलेलं सगळं एकाच दमात जातं.

अँपिसिलिन विरघळवल्यावर तासाभरात वापरा, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या डोसाला नको. पावडरही थोडी जागा घेते, त्यामुळे किती पाणी घालायचं ते वायलच्या लेबलवर बघा. तीन ते पाच मिनिटं घेऊन हळूहळू द्या, झपकन दिलं तर झटके येऊ शकतात. दोन्ही औषधं एका सिरिंजमध्ये किंवा एका वेळी एका नळीत कधीच नकोत. पेनिसिलिनच्या गटातली औषधं जेंटाला निकामी करतात. आधी अँपिसिलिन, मग सलाईननं नळी धुणं, मग जेंटा. डेक्स्ट्रोजमध्येही अँपिसिलिन फार टिकत नाही, तेव्हा धुवायला सलाईनच.

३६ तासांचं वेळापत्रक वॉर्डात चुकतं, कारण घड्याळात ते रोज एका जागी बसत नाही. पहिला डोस २१ ला दुपारी चारला गेला तर दुसरा २३ ला पहाटे चारला, तिसरा २४ ला दुपारी चारला. पण अँपिसिलिन १२ तासांनी चाललंय, म्हणजे रोज चार आणि चारलाच. तेव्हा सिस्टरांना एवढंच सांगायचं: अँपीचा पहिला, चौथा, सातवा डोस जेंटासोबत. मधले दोन नुसते. औषधांच्या तक्त्यात अँपिसिलिनच्या डोसांना क्रमांक घाला आणि १, ४, ७ भोवती गोल करा. हे सुरू केल्यापासून आमच्याकडे रात्रपाळीला जेंटाची वेळ कधी चुकली नाही.

आता नजर कशावर ठेवायची. सगळ्यात आधी लघवी. पहिल्या २४ तासांनंतर किलोला तासाला एक मिलीपेक्षा कमी होत असेल तर पुढचा जेंटा देण्याआधी थांबा आणि विचार करा. तुमच्या बाळात तो आकडा दिवसाला साधारण ४० मिली. डायपर वजन करून मोजा, 'लघवी केली' अशा शेऱ्यावर भागवू नका. पहिल्या दिवशीच्या क्रिएटिनिनवरून बाळाच्या मूत्रपिंडाबद्दल फारसं कळत नाही, कारण तो आकडा बराचसा आईचा असतो. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं पुन्हा बघा, आणि उतरायच्या ऐवजी चढत असेल तर ते महत्त्वाचं.

जन्मताच गुदमरलेलं बाळ, त्यातही थंड उपचारावर ठेवलेलं, पूर्ण दिवसांचं असलं तरी जेंटा हळू बाहेर टाकतं. तिथे मी ३६ तासांवर जाते. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बंद करायला आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथॅसिन चालू असेल, किंवा फ्रुसेमाइड, व्हँकोमायसिन सोबत असेल, तरीही हीच सावधगिरी. आणि एक प्रश्न आईच्या केसपेपरमध्ये बघायचा: तिला मॅग्नेशियम सल्फेट मिळालं होतं का? ३२ आठवड्यांच्या प्रसूतीत ते बऱ्याचदा दिलेलं असतं. मॅग्नेशियम आणि जेंटा मिळून स्नायू ढिले पाडतात, बाळाचा श्वास थांबू शकतो. अशा वेळी जेंटा टाळत नाही, पण बाळाला मॉनिटर लावल्याशिवाय देत नाही.

४८ तासांपुरताच कोर्स असेल तर रक्तातली पातळी मोजायची गरज नाही. पुढे जायचं असेल तर तिसऱ्या डोसाच्या आधी नमुना काढा. औषध ज्या नळीतून जातं तिच्यातून नको, दुसऱ्या जागेवरून. तपासणी बाहेरगावी पाठवायची असेल तर नमुना लगेच वेगळा करून थंड पाठवा, कारण त्यातलं अँपिसिलिन नळीतही जेंटा खात राहतं आणि आकडा खोटाच कमी येतो. १ च्या वर आलं तर डोस तोच ठेवून अंतर वाढवायचं. डोस कमी केला तर वरचं टोक जातं.

तुमच्या बाळाचे ४८ तास २३ ला दुपारी चारला भरतात. तोवर जेंटाचे दोनच डोस गेलेले असतील. कल्चर स्वच्छ आहे, बाळ कण्हायचं थांबलंय, दूध घेतंय, तर दोन्ही बंद करा. तिसरा डोस 'असू दे' म्हणून देऊ नका. उलट बाळ खालावत असेल तर आणखी वाट बघत हीच जोडी चालू ठेवू नका. आपल्या देशात नवजात बाळांच्या रक्तात क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, ई. कोलाय हे जंतू जास्त सापडतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या तीन रुग्णालयांच्या अभ्यासात ते पुष्कळदा अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. क्लेबसिएलावर अँपिसिलिन मुळातच चालत नाही, तिथे सगळा भार जेंटावर असतो. म्हणून तुमच्या जिल्ह्याच्या नवजात कक्षात, एसएनसीयूत, काय सापडतंय ते विचारून ठेवा. दहा दिवस वॉर्डात राहिलेलं बाळ नव्यानं आजारी पडलं तर त्याला ही जोडी द्यायचीच असं धरू नका.

बाळ पाचपेक्षा जास्त दिवस जेंटावर राहिलं तर घरी जाण्याआधी किंवा महिन्याच्या आत कानांची बेरा तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात करून घ्या. आईच्या माहेरच्या माणसांत कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासं झालंय का, हेही विचारा. आईकडून येणारा एक जनुकीय दोष असा आहे की त्यात अगदी योग्य डोसानंही कान जातात. असं उत्तर आलं तर जेंटा सोडून दुसरं औषध निवडायचं, आणि अमिकॅसिन हा पर्याय नव्हे, ते त्याच घराण्यातलं.

हे सगळं तुमच्याकडेच होईल असं नाही. ३२ आठवड्यांचं बाळ बहुधा तुम्ही पुढे पाठवाल, रत्नागिरीला किंवा घाट चढून कोल्हापूरला. म्हणून पत्राबद्दल सांगते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे १०८ मधून एक बाळ आलं. पत्रात 'अँपी, जेंटा दिलं' एवढंच. किती, कधी, काही नाही. दोनदा फोन केला, तिकडे लाईन नव्हती. सोबत आलेल्या आजीनं सांगितलं, 'एक सुई दिली, दुसरी नाय दिली वाटतं.' आम्ही जेंटा दिलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तिथला डोस आमच्या आधी सात तास गेला होता. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, क्रिएटिनिन १.६ पर्यंत चढलं. जेंटा थांबवलं, पाण्याचा हिशेब तासातासाला ठेवला, दुसरं औषध घेतलं. आठवड्याभरात आकडा उतरला, बेराही ठीक आला. पण ती चूक आमची होती. अँपिसिलिन पुन्हा गेलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. जेंटाबद्दल शंका असेल तर पहिल्या जागेकडून वेळ कळेपर्यंत अँपिसिलिनसोबत सेफोटॅक्सिमवर भागवता आलं असतं.

तेव्हा बाळासोबत जाणाऱ्या कागदावर हे असं लिहा, आणि तेच चिकटपट्टीवर लिहून बाळाच्या गुंडाळलेल्या कपड्यावरही लावा:

'जन्म २१ ऑक्टोबर, सकाळी ११. ३२ आठवडे, नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीप्रमाणे. वजन १६४० ग्रॅम. कल्चर घेतलं दुपारी ३.४०. अँपिसिलिन ८२ मिग्रॅ दुपारी ४.००. जेंटामायसिन ८.२ मिग्रॅ दुपारी ४.१० ते ४.४०. पुढचं अँपिसिलिन २२ ला पहाटे ४. पुढचं जेंटा २३ ला पहाटे ४, त्याआधी नाही. आईला मॅग्नेशियम सल्फेट: दिलं / नाही. शेवटची लघवी: वाजता, किती मिली.'

सोनोग्राफी मिळाली नसेल तर तिथे 'पाळीच्या तारखेवरून' किंवा 'बॅलार्डवरून' असं खरं ते लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला कळेल की दुसऱ्या डोसाआधी आठवडे पुन्हा तपासायचेत.